धावफलकातला भाजक

दोन एप्रिल जवळ आला की कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर २०११च्या विश्वचषकाचा अंतिम सामना पुन्हा दाखवतात. आमच्याकडे तो दरवेळी तितक्याच उत्सुकतेनं पाहिला जातो, जणू निकाल अजून लागायचा आहे. मागच्या वेळी आईही शेवटपर्यंत बसली. चौकार, षटकार, आउट एवढं तिला वर्षानुवर्षांच्या सहवासानं कळतं. सामना संपल्यावर नातवानं मोबाइलवर त्याचा धावफलक उघडून तिच्या हातात दिला आणि तो खेळायला पळाला. पाच मिनिटांनी आईनं चष्मा कपाळावर सरकवून मला हाक मारली.

"अरे, हा परेरा कोण? याला दोनशे चव्वेचाळीस टक्के कसे दिलेत? शंभरात दोनशे चव्वेचाळीस?"

प्रश्न अगदी रास्त होता. श्रीलंकेच्या तिसारा परेरानं त्या दिवशी ९ चेंडूंत नाबाद २२ धावा केल्या होत्या आणि त्याच्या ओळीच्या शेवटी २४४.४४ असा आकडा होता. शाळेतल्या गुणपत्रिकेची सवय असलेल्या कुणालाही तो आकडा टक्केवारीच वाटणार, आणि टक्केवारी शंभराच्या वर गेली की छपाईची चूक वाटणार. मी म्हटलं, "आई, हे टक्के नाहीत. हा भागाकार आहे."

"मग भाजक कोण?" आईनं विचारलं. घरखर्चाची वही जन्मभर सांभाळलेली बाई, तिनं नेमकी नस पकडली.

धावफलकावरचे तीन आकडे नवख्या वाचकाला अडवतात: स्ट्राइक रेट, इकॉनॉमी रेट आणि फलंदाजीची सरासरी. तिन्ही साधे भागाकार आहेत आणि तिन्हींत वर, भाज्याच्या जागी, धावाच असतात. बदलतो तो खालचा भाजक. स्ट्राइक रेटमध्ये तो चेंडूंचा असतो, इकॉनॉमीमध्ये षटकांचा आणि सरासरीमध्ये फलंदाज किती वेळा बाद झाला याचा. प्रत्येक आकडा काय सांगतो आणि काय लपवतो हे त्याचा भाजक ओळखला की कळतं. हे दाखवायला आपण वानखेडेवरचा तोच सामना घेऊ. निकाल सगळ्यांना माहीत असल्यामुळे लक्ष फक्त आकड्यांवर राहील.

आधी चेंडू

श्रीलंकेनं ५० षटकांत ६ बाद २७४ धावा केल्या. भारतानं ४८.२ षटकांत ४ बाद २७७ करून सामना जिंकला. भारताच्या डावातल्या ओळी मोबाइलवर अशा दिसतात. नावापुढे R म्हणजे धावा, B म्हणजे खेळलेले चेंडू, मग 4s आणि 6s म्हणजे चौकार नि षटकार, आणि शेवटी SR म्हणजे स्ट्राइक रेट. मधले चौकार-षटकार तूर्त सोडून देऊ. धावा, चेंडू आणि स्ट्राइक रेट एवढंच मांडलं तर यादी अशी होते:

सेहवाग: ०, २ चेंडू, ०.००
तेंडुलकर: १८, १४ चेंडू, १२८.५७
गंभीर: ९७, १२२ चेंडू, ७९.५१
कोहली: ३५, ४९ चेंडू, ७१.४३
धोनी: नाबाद ९१, ७९ चेंडू, ११५.१९
युवराज: नाबाद २१, २४ चेंडू, ८७.५०

धोनीची ओळ सोडवून पाहू. ९१ धावांना ७९ चेंडूंनी भागलं की १.१५१९ येतात, म्हणजे दर चेंडूला एका धावेहून थोडं जास्त. असे दशांश वाचायला अवघड जातात, म्हणून त्यांना शंभरानं गुणतात आणि ११५.१९ मिळतात. अर्थ एवढाच की या वेगानं खेळत राहिला असता तर १०० चेंडूंत सुमारे ११५ धावा झाल्या असत्या. शंभर इथे मोजमापाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पैकीच्या पैकी गुण म्हणून घेतलेले नाहीत. म्हणूनच एका चेंडूवर षटकार मारून नाबाद राहिलेल्याचा स्ट्राइक रेट ६०० असू शकतो आणि त्यात छपाईची चूक नसते. (धोनीचा आकडा कुठे ११५.१९ तर कुठे ११५.१८ दिसतो. कुणी शेवटचा अंक पुढे ओढतं, कुणी छाटून टाकतं. त्यावरून गोंधळू नये.)

आता त्या सहा ओळींतला सर्वांत मोठा स्ट्राइक रेट शोधा. तो सामनावीर धोनीचा नाही, सचिन तेंडुलकरचा आहे. १२८.५७. पण सचिननं केल्या १८ धावा. मलिंगाच्या चेंडूवर यष्टीमागे झेल गेला तेव्हा वानखेडेवर पसरलेली शांतता ज्यांनी अनुभवली, त्यांना हा आकडा डावातला सर्वोत्तम वाटणं शक्य नाही. यात स्ट्राइक रेट खोटं बोलत नाही. त्याचा भाजक लहान आहे, म्हणजे फक्त १४ चेंडू, एवढंच. भाजक लहान असला की एखाद-दुसऱ्या चौकारानं आकडा कुठल्या कुठे जातो. परेराचे २४४.४४ तसेच आहेत. त्याच्या खात्यात जेमतेम दीड षटक. त्यामुळे पहिली सवय लावून घ्यायची ती ही, की SR वाचण्याआधी नजर B वर न्यायची. चेंडू दहा-पंधराच असतील तर त्या आकड्यावर फार काही उभारू नये.

दुसरी सवय गौतम गंभीरची ओळ शिकवते. २७५ धावांचं लक्ष्य, ५० षटकं, म्हणजे ३०० चेंडू. २७५ला ३००नी भागून शंभरानं गुणलं तर ९१.६७ येतात. संघाला साधारण या वेगानं धावा हव्या होत्या, आणि गंभीरचा वेग ८०च्याही आत होता. नुसता रकाना पाहणारा म्हणेल की गडी हळू खेळला. पण धावफलकाच्या तळाशी एक ओळ असते, जिच्याकडे नवखा वाचक बघत नाही. कोणता गडी किती धावसंख्येवर बाद झाला याची ती नोंद. त्यात दिसतं की पहिला गडी ० वर गेला आणि दुसरा ३१ वर. सेहवाग डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर पायचीत झाला आणि गंभीर तेव्हाच आत आला. तो बाद होऊन परतला तेव्हा फलकावर २२३ धावा होत्या. मधल्या काळात त्यानं कोहलीबरोबर ८३ आणि धोनीबरोबर १०९ धावांची भागीदारी केली. तो एक टोक धरून उभा होता म्हणून दुसऱ्या टोकाला धोनीला शंभराच्या वर खेळता आलं. ही गोष्ट स्ट्राइक रेटमध्ये मावत नाही, कारण त्याच्या भाजकात नुसते चेंडू आहेत. ते चेंडू कोणत्या परिस्थितीत खेळले याला त्या भागाकारात जागाच नाही.

पण म्हणून संथ खेळाला दरवेळी अशी सबब सापडते असंही नाही. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना झाला. त्या वेळी डाव ६० षटकांचा असे. इंग्लंडनं ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरात सलामीला आलेले सुनील गावस्कर पूर्ण ६० षटकं खेळले आणि नाबाद ३६ धावा करून परतले. त्यासाठी त्यांनी १७४ चेंडू घेतले. भागाकार करा: २०.६९. भारताच्या एकूण धावा झाल्या ३ बाद १३२. सात गडी हातात शिल्लक होते आणि पराभव २०२ धावांचा. इथे भाजक छोटा नाही, १७४ आहे, आणि दुसऱ्या टोकाला पडझडही झालेली नाही. इथे स्ट्राइक रेट जे सांगतो ते सरळ घ्यावं. या डावाकडे आपण पुन्हा येणार आहोत, कारण सरासरीच्या हिशेबात त्याची गंमत वेगळीच आहे.

मग षटकं

धावफलकाचा दुसरा भाग गोलंदाजांचा. तिथे O म्हणजे टाकलेली षटकं, M म्हणजे एकही धाव न दिलेली, निर्धाव षटकं, R म्हणजे दिलेल्या धावा, W म्हणजे बळी आणि Econ म्हणजे इकॉनॉमी रेट. वर्तमानपत्रात हे आकडे आडव्या रेघांनी जोडून छापतात. श्रीलंकेच्या डावातली झहीर खानची ओळ होती १०-३-६०-२. दहा षटकं, त्यातली तीन निर्धाव, साठ धावा, दोन बळी. साठला दहानं भागलं की सहा, म्हणून इकॉनॉमी ६.००. एका षटकामागे गोलंदाजानं सरासरी किती धावा दिल्या, एवढंच इकॉनॉमी सांगते. फलंदाजाचा स्ट्राइक रेट जितका मोठा तितका चांगला, आणि गोलंदाजाची इकॉनॉमी जितकी लहान तितकी चांगली.

नीट पाहिलं तर ही एकाच नाण्याची दुसरी बाजू आहे. फलंदाजासाठी आपण दर शंभर चेंडूंचा हिशेब करतो आणि गोलंदाजासाठी दर सहा चेंडूंचा. चेंडूला एक धाव या वेगाचा स्ट्राइक रेट १०० आणि त्याची इकॉनॉमी ६. चेंडूला दीड धाव म्हणजे स्ट्राइक रेट १५० आणि इकॉनॉमी ९. हा एवढा आधार लक्षात ठेवला की दोन्ही रकाने एका मापानं वाचता येतात. झहीरची इकॉनॉमी ६ होती, म्हणजे त्याच्या चेंडूंवर श्रीलंकेनं साधारण १००च्या स्ट्राइक रेटनं धावा केल्या.

पण सामना पाहिलेल्याला हे वाचून काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे. श्रीरामपूरच्या या डावखुऱ्या गोलंदाजाची सुरुवातीची पाच षटकं होती ५-३-६-१. पाच षटकांत फक्त सहा धावा, तीन षटकं कोरडी आणि एक बळी. इकॉनॉमी १.२०. त्याच षटकांनी सलामीवीर उपुल तरंगाची ओळ घडवली: २ धावा, २० चेंडू, स्ट्राइक रेट १०. झहीरच्या उरलेल्या पाच षटकांत मात्र ५४ धावा गेल्या. डावाच्या अखेरीला महेला जयवर्धने शतकाकडे निघालेला, सोबतीला परेरा, आणि भारतीय गोलंदाजीची धुलाई सुरू. तेव्हाची इकॉनॉमी १०.८०. म्हणजे धावफलकावरचे ६.०० हे १.२० आणि १०.८० यांच्या बरोबर मधोमध उभे आहेत, आणि त्या दिवशी झहीरनं सहाच्या गतीनं गोलंदाजी जवळजवळ कधीच केली नाही. सकाळी गारठा आणि दुपारी कडक ऊन असलेल्या दिवसाचं सरासरी तापमान सुखद निघावं, तसं हे आहे.

इकॉनॉमीच्या भाजकात षटकं मोजली जातात, पण ती डावातली कोणती षटकं हे नोंदलं जात नाही. पहिलं षटक आणि पन्नासावं षटक तिथे सारखंच. म्हणून दोन गोलंदाजांची इकॉनॉमी शेजारी ठेवण्याआधी कोणी कधी गोलंदाजी केली हे विचारावं लागतं. मुनाफ पटेलची त्या दिवशीची ओळ ९-०-४१-० होती, इकॉनॉमी ४.५६. झहीरपेक्षा दीड धावेनं काटकसरी, पण बळी एकही नाही. यातला चांगला कोण, हे एकटी इकॉनॉमी सांगू शकत नाही. तिचा बळींशी संबंधच नाही.

आता हिशेबातली एक खाच, जिथे पहिल्यांदा आकडेमोड करणारे हमखास अडखळतात. श्रीलंकेच्या नुवान कुलसेकरानं ८.२ षटकांत ६४ धावा दिल्या. मोबाइलवरच्या गणकयंत्रात ६४ भागिले ८.२ केलं तर ७.८० येतात. धावफलकावर मात्र ७.६८ असतात. चूक धावफलकाची नाही. ८.२ मधला टिंब हा दशांश चिन्ह नाही. आठ षटकं पूर्ण आणि नवव्याचे दोन चेंडू, असा त्याचा अर्थ आहे. षटक सहा चेंडूंचं, म्हणून दोन चेंडू म्हणजे षटकाचा तिसरा हिस्सा. खरा भाजक ८.३३. किंवा सरळ चेंडूच मोजावेत: आठ साहे अठ्ठेचाळीस आणि दोन, असे पन्नास. ६४ला ५०नं भागून सहानं गुणलं की ७.६८. आईला हे लगेच पटलं. तिच्या लहानपणी रुपयाचे सोळा आणे होते, तेव्हा आठ रुपये दोन आणे म्हणजे काही ८.२ रुपये होत नसत.

आणखी एक प्रश्न तिनं विचारला. गोलंदाजांनी दिलेल्या धावांची बेरीज संघाच्या धावांइतकी यायला हवी ना? करून पाहिली. भारताच्या गोलंदाजांच्या नावावर झहीरच्या ६०, श्रीशांतच्या ५२, मुनाफच्या ४१, हरभजनच्या ५०, युवराजच्या ४९, तेंडुलकरच्या १२ आणि कोहलीच्या ६ धावा होत्या. बेरीज २७०, आणि श्रीलंकेच्या धावा २७४. मग चार धावा गेल्या कुठे? त्या होत्या एक बाय आणि तीन लेग बाय. चेंडू बॅटला न लागता यष्टिरक्षकाला चुकवून गेला किंवा फलंदाजाच्या अंगाला लागून गेला आणि धाव काढली, तर ती संघाला मिळते, पण गोलंदाजाच्या माथी मारली जात नाही. वाइड आणि नो बॉल ही मात्र गोलंदाजाची स्वतःची चूक, त्यांची धाव त्याच्याच खात्यात चढते आणि इकॉनॉमी बिघडवते. शिवाय वाइड वा नो बॉल षटकात मोजला जात नाही, तो चेंडू पुन्हा टाकावा लागतो. म्हणजे धाव भाज्यात वाढते आणि भाजक तिथेच राहतो.

असाच ताळा चेंडूंचाही घेता येतो. भारताच्या सहा फलंदाजांनी खेळलेले चेंडू मिळवा: २, १४, १२२, ४९, ७९, २४. बेरीज २९०, आणि ४८.२ षटकांचे चेंडूही २९०. आता श्रीलंकेचा डाव: तिथे फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज ३०२ भरते. पन्नास षटकांत तीनशेच चेंडू असतात, मग हे वरचे दोन कुठले? भारतानं त्या डावात दोन नो बॉल टाकले होते. नो बॉल षटकात धरत नाहीत, पण फलंदाजाला तो खेळता येतो, म्हणून त्याच्या B या रकान्यात तो मोजला जातो. वाइड मात्र फलंदाजाच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून तो त्याच्या चेंडूंत धरत नाहीत. वहीचा ताळा जमल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते मला त्या ३०२ वर दिसलं.

आणि शेवटी बाद होणं

सरासरी हा शब्द आपल्याला सर्वांत ओळखीचा, आणि म्हणूनच तो सर्वांत जास्त फसवतो. पाच विषयांचे गुण मिळवून पाचानं भागायचं, ही आपली सरासरी. त्यामुळे फलंदाजाची सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले एकूण डाव, असं वाटतं. तसं नाही. इथे भाजक डावांचा नसतो. फलंदाज किती वेळा बाद झाला, तो आकडा भाजक असतो. नाबाद राहिलेल्या डावातल्या धावा वर मिळवल्या जातात आणि खाली मात्र काहीच वाढत नाही.

सरासरी एका सामन्याच्या धावफलकावर छापत नाहीत. ती मालिकेच्या किंवा कारकिर्दीच्या कोष्टकात असते. म्हणून महेंद्रसिंह धोनीची त्या संपूर्ण विश्वचषकातली बॅट बघू. त्याच्या धावा अशा होत्या: ३१, ३४, नाबाद १९, नाबाद १२, २२, ७, २५ आणि अंतिम सामन्यात नाबाद ९१. डाव आठ, धावा २४१. आठानं भागलं तर ३०.१३ येतात. पण तीन वेळा तो नाबाद राहिला, म्हणजे बाद झाला पाचच वेळा. २४१ भागिले ५, म्हणून त्याची नोंदलेली सरासरी ४८.२०.

अंतिम सामन्याआधी हीच सरासरी किती होती? १५० धावा, पाच वेळा बाद, म्हणून ३०.००. एका नाबाद डावानं ती तीसवरून अठ्ठेचाळीसवर गेली. तोच डाव ९१वर बाद होऊन संपला असता तर २४१ भागिले ६, म्हणजे ४०.१७. धावा त्याच, पण नाबाद राहिल्यानं सरासरीत आठ धावांचा फरक पडला. त्याच स्पर्धेत मालिकावीर ठरलेला युवराज सिंग आठ डावांत चार वेळा नाबाद राहिला. त्याच्या ३६२ धावा, बाद चार वेळा, सरासरी ९०.५०. नव्वदची सरासरी म्हणजे तो दर डावात नव्वद धावा करत होता असं नाही. त्याची विकेट पडेपर्यंत प्रतिस्पर्ध्याला सरासरी नव्वद धावा मोजाव्या लागत होत्या, असा तिचा अर्थ.

मग हा अन्याय नाही का, असं कुणीही विचारेल. यामागे एक विचार आहे. नाबाद डाव हा अर्धवट राहिलेला डाव असतो. षटकं संपली किंवा सामना जिंकला म्हणून फलंदाज थांबला. तो तिथेच बाद झाला असता असं धरणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. म्हणून त्या धावा पुढच्या डावाला जोडल्यासारख्या होतात आणि तो पुढे कधीतरी बाद होईल तेव्हा हिशेब बंद होतो. सलामीला किंवा वरच्या क्रमांकावर खेळणाऱ्यासाठी ही पद्धत ठीक चालते. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन सामना संपवणाऱ्याची सरासरी मात्र ती फुगवते. म्हणून सरासरीच्या शेजारी NO हा रकाना असतो. किती वेळा नाबाद राहिला ते त्यात असतं. चेंडूंशिवाय स्ट्राइक रेट वाचू नये, तशी NO न पाहता सरासरी वाचू नये.

आता १९७५च्या त्या लॉर्ड्सच्या डावाकडे परत जाऊ. गावस्करांच्या १७४ चेंडूंतल्या त्या ३६ धावा नाबाद होत्या. सरासरीच्या भाजकात चेंडू नाहीत, बाद होणं आहे, आणि बाद तर ते झालेच नव्हते. त्या स्पर्धेत त्यांच्या धावा होत्या नाबाद ३६, नाबाद ६५ आणि १२. एकूण ११३, बाद एकदा, सरासरी ११३.००. फक्त सरासरी वाचणाऱ्याला हा स्पर्धा गाजवणारा फलंदाज वाटेल. स्ट्राइक रेट शेजारी ठेवला की चित्र पालटतं. एकाच डावाचे हे दोन आकडे दोघंही खरे, आणि दोघंही एकेकटे अपुरे.

बाद होण्याचं वजन किती, हे पाहायला डॉन ब्रॅडमन यांच्या शेवटच्या डावाइतकं स्पष्ट उदाहरण नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये ओव्हल मैदानावर ते अखेरचे खेळायला आले तेव्हा कसोटीत त्यांच्या ६९९६ धावा होत्या आणि ते ६९ वेळा बाद झाले होते. सरासरी १०१.३९. एरिक हॉलिस यांनी दुसऱ्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडवला. वरचा आकडा ६९९६च राहिला, खालचा ७० झाला, आणि भागाकार ९९.९४ वर येऊन कायमचा थांबला. चार धावा झाल्या असत्या तर बरोबर शंभर. शून्यावर नाबाद राहिले असते तर १०१.३९ तशीच राहिली असती. त्या दिवशी धावांनी काहीच बदललं नाही, जे बदललं ते भाजकानं.

एवढं कळलं की गोलंदाजाच्या कारकिर्दीच्या कोष्टकात दिसणारे सरासरी आणि स्ट्राइक रेट हे शब्दही घाबरवत नाहीत. नावं तीच, पण तिथे भाजक बळींचा असतो. दिलेल्या धावा भागिले बळी म्हणजे गोलंदाजीची सरासरी, टाकलेले चेंडू भागिले बळी म्हणजे गोलंदाजाचा स्ट्राइक रेट. झहीरनं त्या दिवशी ६० चेंडू टाकले, ६० धावा दिल्या, बळी दोन, म्हणून योगायोगानं दोन्ही आकडे ३०. इथे दोन्ही जितके लहान तितके चांगले. फलंदाजाच्या स्ट्राइक रेटची सवय झालेला वाचक इथे उलटा अर्थ लावून बसतो, तेवढं सांभाळावं. खेळाचा प्रकारही पाहावा. इकॉनॉमी ६ ही पन्नास षटकांच्या सामन्यात मध्यम, वीस षटकांच्या सामन्यात कंजूष आणि कसोटीत उधळी.

हे सगळं बोलून झालं तेव्हा आईनं सामन्याचा शेवट पुन्हा लावायला सांगितला. एकोणपन्नासावं षटक, गोलंदाज कुलसेकरा, भारताला हव्या फक्त चार धावा. दुसरा चेंडू धोनीनं लाँग ऑनवरून प्रेक्षकांत भिरकावला. मी तिथेच चित्र थांबवलं आणि आम्ही त्या एका चेंडूचा हिशेब मांडला.

त्या चेंडूआधी धोनीच्या ७८ चेंडूंत ८५ धावा होत्या, स्ट्राइक रेट १०८.९७. चेंडूनंतर ७९मध्ये ९१, म्हणजे ११५.१९. कुलसेकराची त्याआधी ८.१ षटकांत ५८ धावा, इकॉनॉमी ७.१०. नंतर ८.२ षटकांत ६४, म्हणजे ७.६८. आणि धोनीची स्पर्धेतली सरासरी? वर सहा धावा वाढल्या, २३५च्या २४१ झाल्या, म्हणून ४७.००ची ४८.२० झाली.

"आणि खाली?" आईनं विचारलं.

"खाली पाचच," मी म्हटलं. "तो आउट कुठे झाला?"